नाडीचा आकडा आणि सरांची शिट्टी



लासलगावच्या एका आईने आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या क्रीडाशिक्षकांना अलीकडेच पत्र लिहिलं. मुलगा खो-खो खेळतो. गेल्या हिवाळ्यात सकाळच्या सरावात तो अचानक छाती धरून खाली बसला आणि त्याला उत्तर मिळालं, "घाबरू नकोस, अजून एक चक्कर मार." पुढे ईसीजीत निदान झालं एसव्हीटीचं. हृदयात जन्मापासून एक जादा विद्युतवाट असते. ठोक्याचा संदेश त्या वाटेने गोल गोल फिरू लागला की नाडी एका क्षणात दोनशेच्या वर जाते. भीतीचा झटका समजून हे दुखणं वर्षानुवर्षं सुटून जातं, म्हणून आईचा राग त्या एका वाक्यापुरता नाही.

तिची मागणी नेमकी आहे. मुलाला मैदानाबाहेर बसवू नका. त्याची नाडी मात्र इतर मुलांच्या तक्त्यात मोजू नका.

वय २२० मधून वजा करायचं, हे सूत्र बहुतेक क्रीडाशिक्षकांना पाठ असतं. पंधरा वर्षांच्या मुलाला ते २०५ देतं. पण हा मुलगा बीटाब्लॉकरची गोळी घेतो आणि ती गोळी नाडीला वर जाऊ देत नाही. गोळी चालू असताना झालेल्या ट्रेडमिल चाचणीत तो १६५ ला पूर्ण दमला. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं: १६५ ला थांबायचं आणि १२० च्या खाली येईपर्यंत चालत राहायचं. मित्राच्या घड्याळात १८० असताना याच्या घड्याळात १५० दिसले, तर हा अंगचोरपणा करत नसतो. आपल्या मर्यादेच्या जवळ पोचलेला असतो. असा आकडा दुसऱ्या मुलाला लावता येत नाही. याच मुलाची गोळी बदलली, तरी तो पुन्हा ठरवावा लागतो.

आकड्यापेक्षाही महत्त्वाची खूण आईने पत्रात अधोरेखित केली आहे, आणि प्रत्येक क्रीडाशिक्षकाने तीच आधी वाचावी. धावल्याने वाढलेली नाडी हळूहळू चढते आणि मूल थांबलं की मिनिटा-दोन मिनिटांत उतरू लागते. एसव्हीटीची नाडी बटण दाबल्यासारखी सुरू होते, मूल बसलं तरी तिथेच अडकून राहते आणि तशीच एकदम थांबते. अशा वेळी मनगटावर ठोके मोजणं कठीण जातं आणि मनगटी घड्याळही चुकीचा, कधी फारच कमी आकडा दाखवतं. मूल म्हणालं "सुरू झालं", तर ते खरं मानून शिट्टी वाजवावी.

पुढची कृती त्याला डॉक्टरांनी शिकवली आहे. अर्धवट टेकून बसायचं, १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं. मग लगेच आडवं व्हायचं आणि कोणीतरी दोन्ही पाय १५ सेकंद वर धरायचे. २०१५ साली इंग्लंडमध्ये प्रौढ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात या पद्धतीने शंभरातल्या ४३ जणांची लय ताळ्यावर आली. पाय न उचलता नुसतं फुंकून १७ जणांची. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा ही युक्ती फसते, हेही सरांना माहीत हवं. पंधरा मिनिटांत नाडी उतरली नाही तर दवाखाना. चक्कर आली, छातीत दुखलं किंवा धाप कमी होईना, तर तेवढंही न थांबता १०८. शुद्ध हरपून श्वास थांबला, तर छाती दाबायला तिथल्या तिथे सुरुवात.

नाशिक इथून साठेक किलोमीटर आहे आणि कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगांतून गाडी काढताना वेळ जातो. त्यामुळे पहिली दहा मिनिटं मैदानावर जो माणूस हजर असेल, त्याच्याच हातात असतात.

अशा मुलांनी खेळ सोडावा, असं म्हणणाऱ्यांना अमेरिकेच्या डॅना व्होल्मरचं उदाहरण द्यायला हवं. २००३ मध्ये, पंधराव्या वर्षी, या जलतरणपटूची एसव्हीटीसाठी शस्त्रक्रिया झाली. हृदयाचा आणखी एक विकार असण्याची शंका आल्याने तिची आई हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र घेऊन तलावाकाठी बसू लागली. पुढच्याच वर्षी व्होल्मरने अथेन्सला रिलेमध्ये सुवर्णपदक मिळवलं. ती पोहत राहिली, कारण काठावरच्या माणसांना काय करायचं ते ठाऊक होतं.

लासलगावच्या मुलाची ती जादा वाट नाशिकला कॅथेटरने बंद करण्याचं उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरलं आहे. तोवर त्याच्या दप्तरात सिरिंज आणि डॉक्टरांची चिठ्ठी असते. निफाड तालुक्यातल्या सर्व क्रीडाशिक्षकांना विनंती आहे की, आपल्या संघात असं मूल असेल तर त्या चिठ्ठीची एक प्रत मागून घ्या आणि सामन्याला जाताना ती स्वतःच्या खिशात ठेवा.

— एक वाचक, लासलगाव