क्रियापदाची वाट पाहायला लावणारे पाच श्लोक

१/
‘रघुवंशा’च्या पहिल्या सर्गातील आठवा श्लोक अनेकदा सुटा उद्धृत केला जातो. बालपणी विद्याभ्यास, तारुण्यात विषयोपभोग, वार्धक्यात मुनिवृत्ती, अखेरीस योगाने देहत्याग. प्राचीन राजे असेच जगत, याचा पुरावा म्हणून तो पुढे केला जातो. मात्र या श्लोकात मुख्य क्रियापदच नाही. तो वाक्य नसून वाक्याचा तुकडा आहे.

२/
ते वाक्य पाचव्या श्लोकात सुरू होते आणि नवव्यात पूर्ण होते. एक वाक्य दोन श्लोकांत पसरले तर युग्मक, तीन श्लोकांत सांदानितक, चारांत कलापक आणि पाचांत कुलक, अशी नावे काव्यशास्त्राने दिली आहेत. कुलकात धोका उघड असतो: क्रियापद येईपर्यंत श्रोत्याच्या हातून धागा सुटतो. कालिदासाच्या श्रोत्याचा धागा सुटत नाही आणि त्याची कारणे व्याकरणात सापडतात.

३/
पहिले कारण म्हणजे आरंभीचा शब्द: ‘सोऽहम्’, म्हणजे ‘तो मी’. आधीच्या श्लोकांत कवीने आपले दुबळेपण सांगून पूर्वसूरींनी वाट मोकळी केल्याचे म्हटले आहे. त्यालाच हा ‘तो’ जोडलेला आहे. कर्ता हाती आला, तेव्हा क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनीच येणार हे ठरले. ते कितीही लांबले तरी ‘हा मी काय करणार?’ हा प्रश्न जागा राहतो.

४/
दुसरे कारण विभक्तीचे. पुढील चार श्लोकांत सोळा विशेषणे आहेत आणि सोळाही षष्ठी बहुवचनी. प्रत्येकाच्या अखेरीस ‘आम्’चा ध्वनी ऐकू येतो. त्यामुळे ‘हे सगळे कोणाचे?’ एवढा एकच प्रश्न उरतो. शिवाय प्रत्येक विशेषण एका चरणात पुरे होते. वाक्य श्लोकाची सीमा ओलांडते, पण एकही पदसमूह सीमेवर तुटत नाही.

५/
तरी सोळा ही संख्या मोठीच. म्हणून प्रत्येक श्लोकाला वेगळी गाठ मारलेली आहे. पाचव्यातील चारही विशेषणे ‘आ’ने सुरू होतात: जन्मापासून शुद्ध, फळ मिळेपर्यंत झटणारे, समुद्रापर्यंत राज्य करणारे, स्वर्गापर्यंत रथ नेणारे. सहाव्यात ‘यथा’ आहे: विधीप्रमाणे हवन, अपराधाप्रमाणे दंड. सातव्यात चतुर्थीने हेतू सांगितला आहे: दानासाठी धनसंचय, सत्यासाठी मितभाषण. आठव्यात वयाचा क्रम. स्मरणावर सोळा सुट्या गोष्टींचा नव्हे, चार जुड्यांचा भार पडतो.

६/
नवव्या श्लोकाचा पहिला चरण आठ अक्षरांचा आणि तीन शब्दांचा. ‘रघूणाम्’ हे ‘कोणाचे?’ याचे उत्तर, ‘अन्वयम्’ हे ‘काय?’ याचे आणि ‘वक्ष्ये’ म्हणजे ‘सांगेन’. चार श्लोक थकलेले देणे एका चरणात चुकते होते.

७/
मराठी भाषांतरात हीच रचना फसते ती ‘असलेल्या, करणाऱ्या, देणाऱ्या’ अशा रांगेमुळे. हे सामान्यरूप एका स्त्रीला आणि अनेक पुरुषांना सारखेच लागते. त्यातून पुढच्या नामाची चाहूल लागत नाही. त्यापेक्षा ‘जे…, ज्यांनी…, ज्यांचे…, त्या रघूंचा वंश मी सांगेन’ ही रचना धागा टिकवते, कारण ‘ज’ ऐकताच कान ‘त’ची वाट पाहू लागतो. पारख सोपी आहे: कोणत्याही श्लोकाअखेर थांबावे. कशाची प्रतीक्षा आहे हे ऐकणाऱ्याला सांगता आले तर वाक्य स्वच्छ आहे. मागे जाऊन शोधावे लागले तर ते बिघडले.

८/
इतिहासाच्या अभ्यासकाचा संबंध येथे येतो. या वाक्याचे विधान ‘मी सांगेन’ एवढेच आहे; राजांचे गुण विशेषणांत आहेत, म्हणजे कवीने ते गृहीत धरले आहेत. प्रत्येक राजा तसा होता असे स्वतंत्र विधान येथे नाही. एकोणिसाव्या सर्गातला अग्निवर्ण भोगात बुडून रोगाने मरतो. मुनिवृत्तीचे वार्धक्य त्याच्या वाट्याला येतच नाही.

९/
अलाहाबादच्या स्तंभावरील हरिषेणाच्या प्रशस्तीतही हेच घडते. तिच्या गद्य भागात पराभूत राजांची यादी समुद्रगुप्ताच्या विशेषणांत गुंफलेली आहे. मुख्य विधान आहे ते त्याची कीर्ती सांगणाऱ्या उंच स्तंभाविषयी. विशेषणांतील मजकूर म्हणून खोटा ठरत नाही, पण तो स्तुतीच्या ओघात आलेला आहे हे विसरता येत नाही. पुरावा म्हणून एखादा श्लोक कापून घेण्यापूर्वी त्याचे क्रियापद कोठे आहे, हे आधी शोधले पाहिजे.