वैशाखातील औषधाची बाटली

वैशाखात आदिलाबाद जिल्ह्यात पारा ४३-४४ अंशांवर चढतो. पैनगंगेकाठच्या त्या मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणाऱ्या मुलखात फ्रीज नसलेल्या घरात मूल आजारी पडते व डॉक्टर पाण्यात कालवण्याची प्रतिजैविकाची पूड लिहून देतात. ही पूड कोरडी असेतो वेष्टनावरील मुदतीपर्यंत टिकते. पाणी पडताच तिचा ऱ्हास सुरू होतो व उष्णतेने तो झपाट्याने वाढतो. छापील मुदतीला मग अर्थ उरत नाही. मोजायचे ते कालवल्यापासूनचे दिवस. ती तारीख बाटलीवर लिहून ठेवावी.

समजा, डॉक्टरांनी अमॉक्सिसिलीन ५ मिलिलीटर, दिवसातून दोनदा, ५ दिवस सांगितले. एकूण ५० मिलिलीटर लागणार. अशा वेळी ६० मिलिलीटरची एक बाटली न घेता ३० च्या दोन घ्याव्यात. पहिली उकळून गार केलेल्या पाण्याने खुणेपर्यंत कालवावी, फेस बसल्यावर पातळी पुन्हा पाहावी. ती तीन दिवसांत संपते. दुसरी चौथ्या दिवशी सकाळी कालवावी. म्हणजे कोणतेही औषध तीन दिवसांपेक्षा शिळे होत नाही. चार पैसे जास्त पडतील, पण शेवटच्या दिवसांचे डोस दुबळे होऊन दुखणे उलटण्यापेक्षा ते स्वस्तच.

बाटली घट्ट बंद करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. मडके सावलीत, वाऱ्यावर असावे. आदिलाबादच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने आतील उष्मा दहा अंशांहून अधिक उतरू शकतो. आमच्या किनाऱ्यावरील दमट हवेत मात्र हेच मडके फारसे काम करीत नाही, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मडक्यालाही मर्यादा आहे. अमॉक्सिसिलीनबरोबर क्लॅव्हुलॅनेट असेल, तर कालवलेले औषध २ ते ८ अंशांतच ठेवायचे असते, आणि ती थंडी कोणतेही मडके देऊ शकत नाही. क्लॅव्हुलॅनेट सर्वांत आधी नासते. पांढुरके मिश्रण पिवळे-तपकिरी पडले, तर ते टाकावेच. पण रंग न बदलताही जोर गेलेला असू शकतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. घरी फ्रीज नाही, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटना अमॉक्सिसिलीनच्या विरघळणाऱ्या गोळ्यांचीच शिफारस करते. त्यांना थंडी लागत नाही. हा संकोच आम्हांस अनाठायी वाटतो.

वरच्या हिशेबात १० मिलिलीटर उरतात. पुढच्या तापासाठी किंवा शेजारच्या मुलासाठी ते राखू नयेत. ओढ्यात, मोरीत वा विहिरीजवळ ओतूही नयेत. वापरलेली चहापूड किंवा राख मिसळून, पिशवीत बांधून, मुले व गुरे यांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशा रीतीने केरात टाकावेत. बाटलीवरील चिठ्ठी फाडावी, म्हणजे रिकाम्या बाटलीत कोणी दुसरे औषध भरून फसणार नाही.