रविवारी उठणारी अर्धशिशी

कर्जत-खालापूर भागातल्या बैठकांत एक तक्रार वारंवार निघते. "आठवडाभर धावते तेव्हा ठीक असतं, रविवारी जरा जास्त झोपले की डोकं उठतं." यावर घरच्यांचं उत्तर ठरलेलं: सुट्टीला काम दिसलं की हिचं दुखणं निघतं!

हे सोंग नव्हे. अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांत साधारण तिप्पट आढळते. अशा मेंदूला झोप कमी पडलेली सोसत नाही, तशीच एकदम वाढलेलीही नाही.

आमच्या एका मैत्रिणीचं पाहा. नोकरी दादरला, लोकलचा प्रवास एका बाजूने दोन तासांचा. पाणी, डबे यांसाठी सव्वाचारला उठायचं, रात्री पाठ टेकायला अकरा. म्हणजे झोप जेमतेम पाच तास. रविवारी ती साडेआठला उठे. उठणं चार तास लांबलं की सकाळचा चहा आणि खाणंही तेवढंच लांबे. चहाची सवय असलेल्याला तेही बाधतं. दहापर्यंत कानशील ठणकू लागे, मग उलट्या.

तिने दोन महिने वही ठेवली. झोपले कधी, उठले कधी, पहिला चहा, पाळी, डोकेदुखी, एवढंच. नऊपैकी सहा वेळा रविवार निघाला. मग उठण्याची वेळ पाच ठरली, रविवारीही सहाच्या पुढे नाही; थकवा असेल तर शनिवारी लवकर झोपायचं. रोज दहाला अंथरूण. हे जमलं ते नवऱ्याने पाणी आणि मुलाने रात्रीच भाजी चिरणं अंगावर घेतलं म्हणून. नाहीतर 'वेळेवर झोपा' हा सल्ला म्हणजे बाईच्या डोक्यावर आणखी एक काम. खालापूरकडे नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते, आणि मध्यरात्री जेवण गरम करायला बायको उठते. ते जेवण झाकून ठेवता येतं, त्याला स्वतः वाढून घेता येतं!

तीन महिन्यांनी तिची डोकेदुखी महिन्यातून चार-पाचवरून एक-दोनवर आली. पाळीच्या वेळची मात्र राहिली. अमेरिकेत 2007 साली जुनाट अर्धशिशीच्या 43 बायकांवर झालेल्या अभ्यासातही झोपेची ठरावीक वेळ, अंथरुणात टीव्ही बंद, दुपारची डुलकी बंद अशा सवयींनी अनेकींचे दुखण्याचे दिवस कमी झाले.

वही वाचताना एक जपावं. आदल्या दिवशीच्या जांभया आणि थकवा हे कधी येणाऱ्या झटक्याचंच पहिलं लक्षण असतं, झोपेची चूक नव्हे. आणि डोकं उठल्यावर अंधारात झोपू द्यावं. तो उपचारच आहे.

महिन्यात दहा-पंधरा दिवस गोळी लागत असेल, तर गोळीनेच डोकेदुखी वाढत असू शकते; डॉक्टरांना वही दाखवा. मात्र डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, सोबत ताप येऊन मान आखडली किंवा हातपाय लुळे पडले, तर वही राहू द्या, ताबडतोब दवाखाना गाठा. गरोदरपणी किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं, तरी तपासून घ्या.