निर्देशांक वाढला, पण कोणाच्या बळावर? ओपन इंटरेस्ट आणि पुट-कॉल गुणोत्तराचे एकत्रित वाचन

निफ्टीच्या फ्युचरने महिनाभर अडवून धरलेली पातळी ओलांडली की आलेखावर ती घटना ठळकपणे दिसते आणि तेजीची नवी फेरी सुरू झाल्याची चर्चा होते. मात्र भाव वर का गेला, हे आलेख सांगत नाही. नव्या खरेदीदारांनी पैसा ओतल्यामुळे भाव वाढतो, तसाच तो आधी विक्री करून बसलेल्यांनी घाबरून सौदे मिटवल्यामुळेही वाढतो. दोन्ही दिवसांची मेणबत्ती आलेखावर सारखीच हिरवी असते. फरक असतो तो पुढच्या दोन-चार दिवसांत. तो ओळखण्यासाठी भावाच्या जोडीला ओपन इंटरेस्ट आणि पुट-कॉल गुणोत्तर हे दोन आकडे वाचावे लागतात.

ओपन इंटरेस्ट म्हणजे दिवसअखेर न मिटलेल्या सौद्यांची संख्या. उलाढालीपेक्षा ही गोष्ट वेगळी आहे. नवा खरेदीदार आणि नवा विक्रेता यांच्यात करार झाला तर ओपन इंटरेस्ट एकाने वाढतो. जुन्या खरेदीदाराने आपला करार नव्या खरेदीदाराला विकला तर उलाढाल होते, पण ओपन इंटरेस्ट तेवढाच राहतो. जुना खरेदीदार आणि जुना विक्रेता दोघेही बाहेर पडले तर तो एकाने घटतो. प्रत्येक खुल्या कराराच्या एका टोकाला खरेदीदार आणि दुसऱ्या टोकाला विक्रेता असतोच. त्यामुळे ‘ओपन इंटरेस्ट वाढला म्हणजे खरेदी वाढली’ हे विधान मुळातच चुकीचे ठरते. सौदा करण्याची घाई कोणत्या बाजूला होती, याचा अंदाज केवळ भावावरून बांधता येतो.

त्यातून चार शक्यता निर्माण होतात. भाव आणि ओपन इंटरेस्ट दोन्ही वाढले तर नवे तेजीवाले चढ्या भावात करार करत आहेत असे मानले जाते. भाव घसरून ओपन इंटरेस्ट वाढला तर नवे मंदीवाले पुढाकार घेत आहेत. भाव वाढून ओपन इंटरेस्ट घटला तर जुने मंदीवाले सौदे मिटवत आहेत. यालाच शॉर्ट कव्हरिंग म्हणतात. भाव आणि ओपन इंटरेस्ट दोन्ही घटले तर जुने तेजीवाले बाहेर पडत आहेत. पहिल्या दोन हालचालींमागे नवी बांधिलकी असते. शेवटच्या दोन हालचालींना इंधन मर्यादित असते, कारण मिटवायचे सौदे संपले की हालचालही थंडावते.

पुट-कॉल गुणोत्तर म्हणजे सर्व पुट ऑप्शनच्या ओपन इंटरेस्टला सर्व कॉल ऑप्शनच्या ओपन इंटरेस्टने भागून येणारा आकडा. पुट म्हणजे घसरणीवरची पैज, म्हणून गुणोत्तर वाढणे मंदीचे लक्षण, असे नवख्याला वाटते. भारतीय बाजारातील व्यवहारी वाचन बहुधा याच्या उलट असते. ऑप्शन विकणाऱ्याला मोठी अनामत रक्कम ठेवावी लागते आणि त्याची जोखीमही मोठी असते. त्यामुळे तो अधिक सबळ आणि जाणता पक्ष मानला जातो. पुट विकणाऱ्याला भाव घसरणार नाही असे वाटत असते. म्हणून एकापेक्षा बरेच जास्त गुणोत्तर आधाराचे, तर बरेच कमी गुणोत्तर दबावाचे चिन्ह समजले जाते. परंतु हा आकडा नुसता पाहून भागत नाही. तो अंशामुळे बदलला की छेदामुळे, हे तपासावे लागते.

चार दिवसांचे उदाहरण

समजण्यासाठी काल्पनिक आकड्यांचे एक उदाहरण घेऊ. निफ्टीच्या फ्युचरला २३,२०० ची पातळी अनेक दिवस ओलांडता आलेली नाही. पहिल्या दिवशी तो २३,००० वर बंद होतो आणि ओपन इंटरेस्ट १ कोटी २० लाख समभागांइतका असतो. पुटचा ओपन इंटरेस्ट ८० लाख आणि कॉलचा १ कोटी, म्हणजे गुणोत्तर ०.८० असते.

दुसऱ्या दिवशी फ्युचर उसळून २३,२५० वर बंद होतो. अडथळा ओलांडला गेल्याचे आलेख सांगतो. गुणोत्तरही ०.८० वरून १.२० वर जाते. दोन्ही खुणा तेजीच्या वाटतात. पण फ्युचरचा ओपन इंटरेस्ट १ कोटी ५ लाखांवर आलेला असतो. पंधरा लाखांनी झालेली ही घट सांगते की भाव मंदीवाल्यांच्या माघारीने वाढला. आता गुणोत्तर उलगडून पाहू. पुट ८० लाखांवरून ८४ लाख झाले, म्हणजे जेमतेम चार लाखांची भर. कॉल मात्र १ कोटीवरून ७० लाखांवर आले. याचा अर्थ गुणोत्तर वाढले ते मुख्यतः कॉल विकणाऱ्यांनी पळ काढल्यामुळे. खालच्या पातळीवर पुट विकून आधार देण्यासाठी फारसे कोणी पुढे आलेले नाही. फ्युचर आणि ऑप्शन दोन्ही बाजारांत जे घडले ते निर्गमन होते, प्रवेश नव्हे.

तिसऱ्या दिवशी फ्युचर २३,२६० वर रेंगाळतो आणि ओपन इंटरेस्ट १ कोटी ४ लाखांवर थांबतो. माघार संपली आहे आणि नवा खरेदीदार आलेला नाही. चौथ्या दिवशी भाव २३,०४० वर घसरतो, ओपन इंटरेस्ट १ कोटी १७ लाखांवर जातो, पुट ७६ लाखांवर उतरतात आणि कॉल ९५ लाखांवर चढतात. गुणोत्तर पुन्हा ०.८०. मंदीवाले वरच्या भावात परतलेले असतात आणि आलेखावरचे अडथळा ओलांडणे फसवे ठरते.

हेच चित्र कशामुळे पालटले असते? तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी भाव २३,२०० च्या वर टिकून फ्युचरचा ओपन इंटरेस्ट वाढू लागला असता आणि २३,२०० च्या स्ट्राइकवरील पुटमध्ये नवी विक्री दिसली असती, तर शॉर्ट कव्हरिंगने सुरू झालेल्या तेजीला खरे खरेदीदार मिळाले असे म्हणता आले असते. म्हणूनच अडथळा ओलांडला त्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या दोन दिवसांची आकडेवारी अधिक बोलकी असते.

आकडे फसवतात ते कोठे

या वाचनातील सर्वात नेहमीची चूक मासिक करार संपण्याच्या आठवड्यात होते. चालू महिन्याच्या फ्युचरमधील सौदे मिटवून तेच पुढच्या महिन्यात उभे केले जातात. यालाच रोलओव्हर म्हणतात. चालू महिन्याचा ओपन इंटरेस्ट वीस लाखांनी घटला आणि पुढच्या महिन्याचा अठरा लाखांनी वाढला, तर प्रत्यक्षातील घट केवळ दोन लाखांची असते. फक्त चालू महिन्याकडे पाहणाऱ्याला मात्र मोठे शॉर्ट कव्हरिंग झाल्याचा भास होतो. यावर उपाय सोपा आहे: उपलब्ध सर्व महिन्यांच्या फ्युचरचा ओपन इंटरेस्ट एकत्र करूनच तुलना करावी.

गुणोत्तराबाबत तीच दक्षता आणखी काटेकोरपणे घ्यावी लागते. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन मंगळवारी संपतात. त्या दिवशी मोठा ओपन इंटरेस्ट एकाएकी नाहीसा होतो आणि बुधवारचे एकूण गुणोत्तर कोणाचेही मत न बदलता वेगळे दिसते. त्यामुळे तुलना एकाच मुदतीच्या करारांमध्येच करावी.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. साध्या मोजणीत काही रुपयांना मिळणारा, बाजारभावापासून दूरचा पुट आणि बाजारभावालगतचा महागडा पुट यांना सारखेच वजन मिळते. निर्देशांक शंभर अंकांनी हलला तर पहिल्याचे मूल्य जेमतेम बदलते, दुसऱ्याचे सुमारे पन्नास रुपयांनी बदलते. हा दोष नियामकांनीही विचारात घेतला. सेबीने २९ मे २०२५ च्या परिपत्रकाद्वारे ओपन इंटरेस्ट मोजताना डेल्टा, म्हणजे निर्देशांकाच्या हालचालीला ऑप्शन किती प्रतिसाद देतो हे प्रमाण, लक्षात घेण्याची पद्धत आणली. साध्या मोजणीवर काढलेल्या गुणोत्तरात हे वजन नसते. शिवाय एक पुट विकून संरक्षणासाठी खालचा दुसरा पुट विकत घेणारा व्यापारी दोन्ही व्यवहारांतून पुटचा ओपन इंटरेस्ट वाढवतो. गुणोत्तरात त्याची विक्री आणि खरेदी वेगळी दिसत नाही.

राष्ट्रीय शेअर बाजार रोज सायंकाळी ग्राहक, विदेशी संस्था, देशी संस्था आणि दलालांचे स्वतःचे व्यवहार अशी चार गटांची आकडेवारी जाहीर करतो. ‘कोण’ या प्रश्नाचे काही उत्तर तेथे मिळते. तरीही विदेशी संस्थेची फ्युचरमधील विक्री मंदीच्या मतातून आली आहे, की हाती असलेल्या समभागांच्या संरक्षणासाठी, हे त्यातूनही कळत नाही.

जून २०२४ चा धडा

बातमीपुढे ही सारी आकडेवारी किती तोकडी पडते, हे लोकसभा निवडणुकीच्या निकालावेळी दिसले. मतदानोत्तर चाचण्यांनंतर ३ जून २०२४ रोजी निफ्टी सव्वातीन टक्क्यांनी वाढून २३,२६३.९० वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी मतमोजणीचे कल चाचण्यांशी जुळेनात, तेव्हा तो २१,२८१.४५ पर्यंत कोसळला आणि ५.९३ टक्क्यांच्या घसरणीसह २१,८८४.५० वर स्थिरावला. ५ जूनला तो पुन्हा २२,६२०.३५ वर होता.

४ जूनला २३,०००, २२,५०० आणि २२,००० या ठळक स्ट्राइक किमती काही तासांत तुटल्या. पुटच्या मोठ्या ओपन इंटरेस्टला ‘आधार’ म्हणण्यातील धोका येथेच आहे. भाव त्या पातळीच्या वर असेपर्यंत पुट विकणारा निश्चिंत असतो आणि घसरणीत आणखी पुट विकून भावाला टेकूही देतो. पातळी तुटली की तोच विकलेला पुट परत घेण्यासाठी धावतो किंवा तोटा मर्यादित ठेवण्यासाठी फ्युचर विकतो. ज्याला भिंत समजले होते तीच मग घसरणीचा वेग वाढवते. एखाद्या स्ट्राइकवर जितका मोठा ओपन इंटरेस्ट, तितकी ती पातळी तुटल्यानंतरची घबराट मोठी असू शकते.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. गुणोत्तर अमुक आकड्याच्या वर गेले की खरेदी करा, अशा एका ओळीच्या सल्ल्याचे मोल या पार्श्वभूमीवर ठरवावे लागेल. भाव, ओपन इंटरेस्ट आणि गुणोत्तर एकत्र वाचल्यास काल जे घडले त्यात कोण आत आले आणि कोण बाहेर पडले, याचा तर्कसंगत अंदाज येतो. उद्या येणारी बातमी मात्र त्यांपैकी कोणत्याही आकड्यात नोंदलेली नसते.