एआयचा मसुदा सुधारणं आणि डिटेक्टरला चकवणं: फरक नेमका कुठे?

समजा, विठ्ठलवाडीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीला वालधुनी नदीच्या प्रदूषणावर इंग्रजीतून प्रकल्प लिहायचा आहे. तिच्या कॉलेजमध्ये कच्च्या मसुद्यासाठी एआय वापरायला परवानगी आहे, फक्त तसं नमूद करायचं. एआयने दोन पानं लिहून दिली. आता ती त्यात बदल करू लागते. यातला कोणता बदल रास्त आणि कोणता चकवा?

रास्त बदल कसे असतात?

मसुद्यात लिहिलंय की वालधुनी थेट खाडीला मिळते. ती शोध घेते आणि दुरुस्ती करते: अंबरनाथकडून येणारी ही नदी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. 'अनेक अभ्यासांनुसार' या वाक्याला आधार सापडत नाही, म्हणून ती ते काढून टाकते. 2014 साली उल्हासनगरजवळ या नदीत रसायन सोडल्यामुळे शेकडो लोकांना त्रास झाला होता, ती घटना बातम्या तपासून जोडते. लांबलचक वाक्यं तोडते.

या बदलांनंतर मजकूर अधिक खरा आणि वाचायला सोपा झाला. त्यामुळे डिटेक्टरचा आकडा खाली आला, तरी ती चोरवाट नाही. आकडा घसरला तो कामाचा परिणाम म्हणून.

आणि चकवा?

आता तिने तोच मसुदा 'ह्युमनायझर' टूलमधून काढला असं धरा. एआय डिटेक्टर साधारणपणे पुढचा शब्द किती अपेक्षित आहे आणि वाक्यांची लांबी, घडण किती एकसारखी आहे यावरून अंदाज बांधतात. म्हणून हे टूल नेहमीच्या शब्दांच्या जागी अनपेक्षित शब्द टाकतं, वाक्यं मुद्दाम वेडीवाकडी करतं. नदी खाडीला मिळते ही चूक मात्र तशीच राहते.

दुसरी युक्ती अक्षरांची. इंग्रजी `a` (`U+0061`) काढून तसंच दिसणारं रशियन `а` (`U+0430`) बसवायचं. डोळ्यांना फरक कळत नाही, मशीनला शब्दच वेगळा दिसतो. ही युक्ती पकडणं सोपं आहे: तो शब्द नीट टाइप करून फाइलमध्ये शोधला की सापडत नाही.

तिसरी युक्ती सगळ्यात वाईट: 'आजी सांगायची, आम्ही या नदीत पोहायचो' असा न घडलेला प्रसंग घालणं. इथे फसवणूक मशीनपुरती उरत नाही, वाचणाऱ्या शिक्षकांचीही होते.

मग कसोटी काय?

प्रत्येक बदलाला दोन प्रश्न विचारा. डिटेक्टर अस्तित्वातच नसता, तर मी हा बदल केला असता का? आणि हा बदल का केला, हे शिक्षकांना तोंडावर सांगता येईल का? लांब वाक्य तोडण्याला दोन्हीकडे 'हो' मिळतं. रशियन अक्षराला दोन्हीकडे 'नाही'.

मात्र कॉलेजने एआयला पूर्ण बंदी केली असेल, तर कितीही मेहनतीने सुधारलेला मसुदा नियमाबाहेरच राहतो. तिथे प्रश्न बदलांचा नसतो, लपवण्याचा असतो.

पण डिटेक्टरच चुकला तर?

वाङ्मयचौर्याच्या अहवालात मूळ मजकूर समोर ठेवता येतो. यूजीसीचे 2018 चे नियम त्यावरच उभे आहेत: 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पुढे टप्प्याटप्प्याने कारवाई. एआयच्या टक्केवारीमागे असा मूळ मजकूर नसतो. तो अंदाज असतो. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर कमी अचूकतेमुळे जुलै 2023 मध्ये बंद केला. कंपनीच्याच चाचणीत माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी 9 टक्के मजकूर त्याने एआयचा ठरवला होता. टर्निटिनही 20 टक्क्यांच्या आतला नेमका आकडा दाखवत नाही.

2024 मध्ये हरियाणातल्या जिंदाल विद्यापीठात कायद्याच्या एका विद्यार्थ्याला उत्तरं एआयची असल्याच्या आरोपावरून नापास केलं गेलं. लेखन आपलंच आहे म्हणत तो उच्च न्यायालयात गेला. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केलं आणि याचिका निकाली निघाली. त्यामुळे असा आकडा पुरावा म्हणून किती चालतो, याचा फैसला तिथे झालाच नाही.

मराठीत आणखी एक घोळ आहे. न दिसणारी अक्षरं सापडली की चकव्याचा संशय घेतला जातो. पण 'दुसऱ्या'सारखा शब्द लिहिताना काही कीबोर्ड `U+200D` हे अदृश्य जोडचिन्ह वापरतात. ते सापडणं हा गुन्ह्याचा पुरावा नाही.

या भीतीपोटी काही विद्यार्थी स्वतः लिहिलेला मजकूरही ह्युमनायझरमधून काढतात. हा उपाय उलटतो, कारण खरं लिहिणाऱ्याच्या फाइलवरही चकव्याच्या खुणा उमटतात. आणि टर्निटिन 2025 पासून अशा टूल्सच्या खुणाही शोधतं. त्यापेक्षा गूगल डॉक्समधली 'आवृत्ती इतिहास' ही नोंद, हाताने काढलेले मुद्दे आणि एआयचा पहिला मसुदा जपून ठेवा. विठ्ठलवाडीच्या त्या विद्यार्थिनीला विचारलं, 'खाडी काढून उल्हास का लिहिलं?' तर तिच्याकडे उत्तर आहे. ज्याने फक्त टूल चालवलं, त्याला मसुद्यात खाडी होती हेही माहीत नसतं.