रडणारा कप आणि विग्रह

'राजपुत्र' या शब्दात राजा आधी येतो आणि पुत्र नंतर, म्हणूनच हा राजाचा पुत्र आहे हे आपल्याला कळते. 'पुत्रराज' म्हटले की अर्थ ढळतो. समासात पदांचा क्रम हेच व्याकरण असते. गूगलने फेब्रुवारी २०२० मध्ये जीबोर्ड या कळफलकात आणलेल्या 'इमोजी किचन'मध्ये नेमका हाच क्रम नाहीसा होतो. दोन इमोजी निवडायचे, की त्यांचे मिश्रण झालेले एक चित्र समोर येते. कोणते आधी निवडले याला महत्त्व नाही. चित्र तेच येते.

आमच्या विभागातील एका सहकाऱ्याने एका संध्याकाळी रडणारा चेहरा आणि वाफाळता कप यांचे मिश्रण गटात पाठवले. अशा जोड्यांमध्ये सहसा वस्तूचा आकार राहतो आणि चेहऱ्याचे डोळे, तोंड व अश्रू तिच्यावर चढतात. म्हणजे कप रडत होता. एकाने वाचले, 'चहा फार वाईट झाला होता.' दुसऱ्याला वाटले, 'चहा मिळालाच नाही.' तिसरीने विचारले, 'घरी सर्व ठीक आहे ना?' खरे तर त्यांना म्हणायचे होते की उत्तरपत्रिका तपासत कपावर कप रिचवतो आहे आणि रडकुंडीला आलो आहे! रडणारा होता पिणारा, कप नव्हे. 'नीलकंठ' म्हणजे निळा गळा नव्हे, ज्याचा गळा निळा आहे तो शंकर, हे आपण वर्गात शिकवतो. हा बहुव्रीही चित्राला साधत नाही, कारण 'तो' चित्राच्या बाहेर असतो. चित्र फार तर कर्मधारय दाखवते: रडका असा कप. द्वंद्व तर त्याला मुळीच जमत नाही. 'चहा घेतला आणि रडलो' यातला 'आणि' दोन इमोजी शेजारी शेजारी ठेवले तर टिकतो, एकजीव केले की विरघळतो.

याहून अवघड बाब तांत्रिक आहे. २०२० च्याच इमोजी १३.१ या संचात 'जळते हृदय' आले. ते मात्र अक्षरांची साखळी आहे: U+2764 U+FE0F U+200D U+1F525. मधला U+200D हा अदृश्य जोडक, आपल्या जोडाक्षरांनाही परिचित असलेला. जुन्या फोनवर ते एकत्र दिसले नाही तरी हृदय आणि ज्वाला वेगवेगळी दिसतात. विग्रह आपोआप होतो. किचनमधले मिश्रण मात्र आधीच रेखाटून ठेवलेले चित्र असते, आणि ते चित्र म्हणूनच पोहोचते. ते मजकुरात शोधता येत नाही, वाक्याच्या मध्यात बसत नाही. आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनावर विसंबणाऱ्या अंध वाचकाला, सोबत वर्णन नसेल तर, 'चित्र' एवढेच ऐकू येते. त्याच्यापर्यंत कपही पोहोचत नाही, रडणेही नाही.

आता ते सहकारी कपाखाली एक ओळ लिहितात: 'पन्नास पेपर उरलेत.'