‘निदर्शनास आले आहे’ म्हणजे नक्की कुणाच्या?



आपल्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. धारूरच्या बाजूला अशाच सीताफळाचा गर काढून गोठवणारं एक छोटं युनिट आहे. मालक आणि आठ-दहा बाया, बस्स. ऐन हंगामात मालकाने गराचं टेबल सांभाळणाऱ्या ताईंसाठी एक चिठ्ठी लिहिली आणि द्यायच्या आधी मला दाखवली:

“आपले काम समाधानकारक आहे. तथापि वेळेचे नियोजन व गुणवत्ता याबाबत हलगर्जीपणा निदर्शनास आला आहे. यापुढे सुधारणा करण्यात यावी.”

मी म्हणालो, भाऊ, हीच चिठ्ठी नाव बदलून पिठाच्या गिरणीत किंवा मोबाईलच्या दुकानात दिली तरी चालेल. यात ना सीताफळ आहे, ना ताई. मग विचारलं, तुम्ही डोळ्यांनी काय बघितलं तेवढं सांगा.

मंगळवारी दुपारी गराची दोन पातेली पाऊण तास टेबलावरच राहिली होती. सीताफळाच्या गराला हवा लागली की तो तपकिरी पडतो, आणि तापवून टिकवायला जावं तर कडवट होतो. म्हणून पाकिटात भरून पटकन डीप फ्रीजरला लावणं हाच मार्ग. त्या दिवशी सहा किलो गर फेकावा लागला. म्हणजे ‘वेळेचे नियोजन’ आणि ‘गुणवत्ता’ या दोन मोठ्या शब्दांमागे गोष्ट एकच होती: पातेलं ते फ्रीजर, एवढ्या अंतरातला उशीर.

दुसरा प्रश्न विचारला, तेव्हा ताई कुठे होत्या? मालक जरा गप्प झाला. शेतकऱ्याचा माल आला होता, म्हणून त्यानेच त्यांना फाटकावर वजनाला बोलावलं होतं!

आता ‘हलगर्जीपणा’ हा शब्द किती अन्यायाचा होता बघा. मग चिठ्ठी नव्याने लिहिली:

“ताई, मंगळवारी दुपारी दोन पातेली पाऊण तास टेबलावर राहिली आणि सहा किलो गर तपकिरी पडला. त्या वेळी मीच तुम्हाला वजनाला बोलावलं होतं, ती चूक माझी. उद्यापासून माल आला तर वजन मी करीन, तुम्ही टेबल सोडू नका. पातेलं अर्धं झालं की लगेच पाकिटं भरून फ्रीजरला लावा. या आठवड्यात तुमच्या टेबलाच्या गरात मला एकही बी सापडलं नाही. नव्या दोघींना तुमची पद्धत दाखवा. शुक्रवारी संध्याकाळी दहा मिनिटं बसू, काही अडचण असेल तर सांगा.”

चिठ्ठी लांब झाली, पण भाषा गोड केली म्हणून ती चांगली झाली असं समजू नका. ‘निदर्शनास आले’ आणि ‘करण्यात यावी’ यात माणूसच नसतो. कुणी बघितलं, कुणी करायचं, काही कळत नाही. ‘मी’ आणि ‘तुम्ही’ लिहायला लागलं की खरं काय घडलं ते आठवावंच लागतं. बियांचं कौतुकही उगाच पेरलेलं नाही. त्यावरून त्यांना एक काम दिलंय, म्हणून ते खरं वाटतं. आणि रोज शेडमध्ये ज्यांना ‘ताई’ म्हणता त्यांना कागदावर एकदम ‘आपले’ केलं, की त्यांच्या पोटात गोळा येतो. नोकरी गेली की काय!

एक सांगतो, तुमची चूक नसेल तर उगाच माफी मागू नका, ते लगेच ओळखू येतं. तीच गोष्ट तिसऱ्यांदा घडली असेल तर तेही सरळ तारखेसह लिहा. पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाही, हातात द्या. वाचता येत नसेल तर बाजूला बसून वाचून दाखवा.

आणि ‘वर्षाअखेरीस देऊ’ हे आपल्याकडे चालतच नाही. सीताफळ संपता संपता कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. बुधवारी लिहायची चिठ्ठी दिवाळीनंतर लिहाल, तर ती वाचायला ताई कारखान्याच्या फडात असतील.

शुक्रवारी ते दोघं बसले. ताई म्हणाल्या, फ्रीजर कालच्या पाकिटांनी गच्च असतो. नवी पाकिटं लावायला जागाच नसते, म्हणून मी पातेलं पूर्ण भरायची वाट बघते. मालकाला हे हंगामभर माहीतच नव्हतं.